संशोधन साहाय्यकाच्या अर्जात डेटा हाताळण्याचे कौशल्य कसे दाखवावे: लासलगावच्या कांदा दरांचा एक नमुना

प्रश्न: मी नाशिकमध्ये एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या विक्रीव्यवहारावर एका प्राध्यापकांचा प्रकल्प सुरू होत आहे आणि तिथे संशोधन साहाय्यक म्हणून अर्ज करायचा आहे. एक्सेल चांगले येते, आर थोडेफार येते, पण प्रकल्पावर काम केल्याचा दाखला नाही. डेटा नीट हाताळता येतो आणि माझ्यावर विसंबता येईल, हे अर्जातून कसे दाखवू?

उत्तर: बायोडेटासोबत स्वतः केलेल्या एका लहान कामाचा नमुना जोडा. सर्वांना खुली असलेली, प्रकल्पाच्या विषयाजवळची थोडी आकडेवारी घ्या आणि ती मूळ रूपात कशी होती, तुम्ही तिच्यात काय बदलले, का बदलले आणि शेवटी किती ओळी उरल्या, हे दोन पानांत मांडा. अनुभवाचा दाखला नसलेल्या उमेदवाराला यापेक्षा भक्कम पुरावा देता येतो असे मला वाटत नाही. प्रकल्पांचा डेटा सांभाळण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि साहाय्यकांचे अर्ज चाळताना माझी नजर सर्वांत आधी असा एखादा नमुना आहे का, हेच शोधते.

असे का, ते आधी सांगतो. गावातून आलेली प्रश्नावली किंवा संकेतस्थळावरून उतरवलेला तक्ता प्राध्यापकांच्या नजरेखाली येतो तो साहाय्यकाच्या हातून गेल्यानंतरच. वाटेत एखादी ओळ गाळली गेली, रिकाम्या जागी शून्य भरले गेले किंवा विचित्र दिसणारा आकडा कोणी आपल्या मनाने सरळ केला, तर अंतिम तक्ता अगदी नीटनेटका दिसतो आणि चूक कुठे शिरली हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे उमेदवाराला किती सूत्रे येतात यापेक्षा, हा माणूस न सांगता काही बदलणार तर नाही ना, ही प्राध्यापकांची खरी धास्ती असते. ‘एक्सेलमध्ये प्रावीण्य’, ‘प्रामाणिक’, ‘मेहनती’ हे शब्द प्रत्येक अर्जात असतात आणि त्यांची पारख करण्याचा कोणताही मार्ग नसतो. बदलांची लेखी नोंद मात्र पाच मिनिटांत तपासता येते.

तुमच्या विषयासाठी लासलगावच्या कांदा दरांची आकडेवारी घ्यावी, असे मी सुचवेन. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजची आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर मिळतो. केंद्र सरकारच्या अॅगमार्कनेटवरही तेच बाजार वेगळ्या मांडणीत सापडतात. काळ लहान ठेवा. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२३ हे १२२ दिवस पुरेसे आहेत, आणि ते निवडण्यामागे कारणही आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागू झाले, २० सप्टेंबरपासून जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. इतक्या घडामोडींच्या काळातल्या आकडेवारीत संशोधकाला रोज अडवणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र भेटतात, आणि प्राध्यापकांनाही त्या ओळखीच्या असतात.

पहिले काम म्हणजे उतरवलेली फाइल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणे आणि तिला पुन्हा हात न लावणे. ती कोणत्या संकेतस्थळावरून, कोणत्या तारखेला, कोणते पर्याय निवडून घेतली, हे शेजारच्या छोट्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. सरकारी संकेतस्थळांवरील जुने आकडे नंतर भरले जातात किंवा सुधारले जातात, त्यामुळे उतरवल्याची तारीख नसेल तर तुमचा तक्ता आणि आजचा तक्ता का जुळत नाही, याचे उत्तर तुमच्याजवळ राहत नाही. ही फाइल एक्सेलमध्ये उघडून लगेच ‘सेव्ह’ करण्याची सवय असेल, तर ती या कामापुरती तरी मोडायला हवी, कारण एक्सेल उघडतानाच तारखा आपल्या समजुतीनुसार बदलते.

तारखांचा हा घोटाळा जवळून पाहण्यासारखा आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी असेल, तर ०४/११/२०२३ ही आपली ४ नोव्हेंबर एक्सेल ११ एप्रिल म्हणून वाचते. १३/११/२०२३ मध्ये मात्र तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख न होता नुसता मजकूर म्हणून पडून राहते. परिणामी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी वर्षभर विखुरतात आणि उरलेल्या गणनेतूनच बाहेर पडतात. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. रकाना मुद्दाम कोणत्याही बाजूला सरकवलेला नसेल, तर खऱ्या तारखा उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटलेला दिसतो. शिवाय महिन्यानुसार ओळी मोजल्या, की ज्या महिन्यांची माहिती आपण घेतलीच नाही त्या महिन्यांतही नोंदी उगवतात. म्हणून फाइल आधी पूर्णपणे मजकूर म्हणून वाचावी आणि तारखेचे रूप आपण सांगावे. आरमध्ये एवढ्या ओळी पुरतात. यातील फाइलचे आणि रकान्यांचे नाव तुमच्या तक्त्याप्रमाणे बदला:

```r
d <- read.csv("mool/kanda_2023.csv", colClasses = "character")
d$din <- as.Date(d$tarikh, format = "%d/%m/%Y")
for (s in c("avak", "kami", "jast", "sarv")) d[[s]] <- as.numeric(d[[s]])
colSums(is.na(d))
range(d$din, na.rm = TRUE)
subset(d, kami > sarv | sarv > jast)
```

यातील प्रत्येक ओळीला काम आहे. दर अंकांत न बदलता तुलना केली, तर ती अक्षरांच्या क्रमाने होते आणि ९०० हा १२०० पेक्षा मोठा ठरतो, म्हणून तिसरी ओळ आवश्यक आहे. ‘1,250’ असा स्वल्पविराम असलेला आकडा अंकांत बदलत नाही, त्याची जागा रिकामी होते. चौथी ओळ प्रत्येक रकान्यात अशा किती जागा रिकाम्या आहेत ते मोजते, आणि तो आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला तर पुढे जाण्याऐवजी मूळ फाइलकडे परतायचे असते. पाचवी ओळ सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख दाखवते. कोणी ०४/११/२३ असे दोन आकडी वर्ष लिहिले असेल, तर आर ते निमूटपणे इसवी सन २३ म्हणून स्वीकारते, आणि ही चूक रिकाम्या जागांच्या मोजणीत सापडत नाही. शेवटची ओळ सर्वसाधारण दर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांच्या मध्ये नसलेल्या नोंदी समोर आणते.

या शेवटच्या तपासणीची मर्यादा तुम्हाला माहीत आहे, हे नमुन्यात लिहून दाखवा. समजा एका दिवशी कमीत कमी दर १५००, जास्तीत जास्त ४२०० आणि सर्वसाधारण ३८०० रुपये क्विंटल असा होता. नोंद करताना एक शून्य सुटून ३८० झाले, तर तपासणी ते पकडते. पण ३८०० ऐवजी ३०८० टंकले गेले, तर तो आकडा दोन्ही टोकांच्या मध्येच बसतो आणि तपासणी गप्प राहते. त्यासाठी त्याच दिवशीचा विंचूर किंवा पिंपळगाव बसवंतचा दर शेजारी ठेवून पाहावे लागते. जवळचे बाजार एका दिवसात शे-दोनशे रुपयांनी मागेपुढे असू शकतात, पण एकाच बाजारात दर सातशेने उतरून दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाला असेल, तर ती नोंद संशयित धरावी. संशयित धरणे म्हणजे दुरुस्त करणे नव्हे, याचा विसर पडू देऊ नका. दुसऱ्या स्रोतात वेगळा आकडा सापडला तर दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, आणि नाही सापडला तर मूळ आकडा तसाच ठेवून शेरा या रकान्यात खूण करावी. ती नोंद विश्लेषणात घ्यायची की नाही, हा निर्णय प्राध्यापकांचा आहे.

पुनरावृत्ती काढण्याच्या बाबतीत बहुतेक नवखे उमेदवार अडखळतात. एकाच तारखेला एकाच बाजाराच्या दोन ओळी दिसल्या, की एक्सेलमधील ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ दाबण्याचा मोह होतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चाळीतला साठवलेला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा बाजारात येऊ लागलेला असतो, त्यामुळे एकाच दिवशी दोन्हींचे लिलाव होतात आणि दोन्हींचे दर वेगळे लागतात. तारीख आणि बाजार एवढेच पाहून एक ओळ काढली, तर एका जातीचा कांदा त्या दिवशी विकलाच गेला नाही असे होते. शिवाय कोणती ओळ उरेल हे फाइलमधील क्रमावर ठरते, म्हणजे ते योगायोगावर सोडल्यासारखे आहे. सगळे रकाने तंतोतंत सारखे असतील तरच ओळ पुनरावृत्त मानावी. हीच गोष्ट बाजारांच्या नावांची. ‘लासलगाव’, ‘लासलगाव - निफाड’ आणि ‘लासलगाव - विंचूर’ ही एकाच नावाची तीन रूपे वाटतात, पण ती मुख्य आवार आणि उपबाजार यांची वेगवेगळी नावे आहेत. नावे एकसारखी करण्याच्या उत्साहात ती एकत्र केली, तर तीन ठिकाणच्या आवका एकमेकींत मिसळतात. नाशिकच्या माणसाला हे ठाऊक असते, बाहेरच्याला नसते. स्थानिक उमेदवार घेण्यात प्राध्यापकांचा जो फायदा आहे तो असा दिसतो, म्हणून या निर्णयावर दोन वाक्ये अवश्य खर्च करा.

एककांचे थोडक्यात सांगतो. पणन मंडळाच्या तक्त्यात कांद्याची आवक क्विंटलमध्ये असते, अॅगमार्कनेट ती टनांत देते, आणि दर दोन्हीकडे क्विंटलमागे असतो. दोन्ही स्रोत एकत्र केलेत, तर काही ओळींची आवक दहापट कमी दिसेल. एकाच दिवसाचे दोन्हीकडचे आकडे भागून पाहिले आणि उत्तर दहाच्या आसपास आले, की कारण कळते. एकक रकान्याच्या नावातच लिहावे, उदाहरणार्थ `avak_qtl`.

आता गाळलेल्या दिवसांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नमुन्यातला सर्वांत मोलाचा भाग तोच ठरेल. १२२ दिवसांपैकी अनेक दिवसांची नोंदच नसेल. काही रविवार असतील, काही दिवाळीच्या सुट्टीचे दिवस असतील, सप्टेंबरअखेरीचे दिवस व्यापाऱ्यांच्या बंदचे असतील, आणि काही दिवशी लिलाव झाला पण नोंद चढवायची राहून गेली असेल. फाइलमध्ये हे सगळे एकसारखे रिकामे दिसते, पण अर्थ मुळीच एकसारखा नाही. त्या जागी शून्य भरले तर काय होते, ते एका सोप्या गणिताने दाखवा. समजा तीस दिवसांच्या महिन्यात २२ दिवस लिलाव झाले आणि त्यांचा सरासरी दर २००० रुपये होता. उरलेल्या आठ दिवसांना शून्य धरून सरासरी काढली तर ती सुमारे १४६७ रुपये येते, म्हणजे कोणत्याही शेतकऱ्याला एक रुपया कमी मिळालेला नसताना दर ५३३ रुपयांनी कोसळल्याचे दिसते.

शून्याऐवजी आदल्या दिवसाचा दर पुढे ओढणे किंवा आधीच्या आणि नंतरच्या दरांमध्ये सरळ रेषा काढून मधले दिवस भरणे, हे उपाय अधिक शहाणपणाचे वाटतात आणि काही कामांसाठी ते योग्यही असतात. पण प्रकल्पाचा प्रश्न निर्यात शुल्काचा किंवा बंदीचा परिणाम तपासण्याचा असेल, तर नेमक्या त्याच दिवसांत लिलाव बंद होते आणि तिथे आपण रचलेले आकडे भरले जातील. बाजार पुन्हा उघडल्यावर दर एकदम बदललेला असेल, तर सरळ रेषेने तो बदल हळूहळू घडल्याचा भास निर्माण होतो, आणि विश्लेषण करणारा त्या भासालाच निष्कर्ष समजतो. म्हणून दर रिकामाच ठेवा, प्रत्येक तारखेची ओळ मात्र तयार करा आणि शेजारी ‘बंदचे कारण’ असा रकाना करून त्यात रविवार, सण, बंद किंवा ‘कारण समजले नाही’ असे लिहा. शेवटचा पर्याय वापरायला संकोच करू नका. ज्या दिवसाचे कारण वृत्तपत्राच्या बातमीवरून किंवा बाजार समितीच्या सूचनेवरून मिळाले, त्याचा आधार शेऱ्यात द्या. जे कारण तुम्ही केवळ अंदाजाने लिहिणार असाल, ते लिहू नका. एका रकान्यात प्रामाणिकपणे ठेवलेले दहा-बारा ‘कारण समजले नाही’ वाचून प्राध्यापकांना उरलेल्या सर्व ओळींबद्दल खात्री वाटू लागते.

हे सगळे झाले की ओळींचा हिशेब लिहा. आकडे उदाहरणापुरते घेतो. मूळ फाइलमध्ये ३१८ ओळी होत्या. सर्व रकाने तंतोतंत सारखे असलेल्या सहा जादा ओळी काढल्यावर ३१२ राहिल्या. चार ओळींच्या तारखा वाचता आल्या नाहीत, त्यांपैकी तीन संकेतस्थळावर पुन्हा पाहून लावता आल्या आणि एक बाजूला ठेवली, म्हणून ३११ उरल्या. एकाच दिवशी दोन जातींच्या नोंदी असलेल्या ओळी तशाच ठेवल्या. सर्वसाधारण दर दोन्ही टोकांच्या बाहेर असलेल्या दोन ओळींवर खूण केली, त्यांचे आकडे बदलले नाहीत. लिलाव नसलेल्या तारखांसाठी नव्याने घातलेल्या रिकाम्या ओळी या ३११ मध्ये धरलेल्या नाहीत, त्या वेगळ्या मोजल्या आहेत. असा हिशेब अर्ध्या पानात मावतो, आणि तो वाचणारा मूळ फाइल उघडून प्रत्येक पायरी पडताळू शकतो. बाजूला ठेवलेली ओळही फेकून देऊ नका. तिची वेगळी फाइल करून ती सोबत द्या.

एक तांत्रिक बाब इथेच सांगून टाकतो, कारण मराठी नावांच्या फाइलींना ती हमखास भोवते. देवनागरीत नावे असलेली सीएसव्ही फाइल सरळ दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली, तर पुष्कळदा अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, ती वाचण्याची पद्धत चुकलेली असते. एक्सेलच्या डेटा या टॅबमधून `From Text/CSV` निवडून `65001: Unicode (UTF-8)` हा पर्याय घेतला की नावे नीट दिसतात. बिघडलेल्या रूपातच सेव्ह केली, तर मात्र मूळ नावे परत मिळणे कठीण होते. पाठवताना तुमची फाइल प्राध्यापकांच्या संगणकावर कशी उघडेल याचा विचार करून दोन ओळींची सूचना द्या, किंवा सीएसव्हीसोबत एक्सेलची प्रतही जोडा.

नमुन्यासाठी मी सार्वजनिक आकडेवारीचा आग्रह धरतो त्यामागे आणखी एक कारण आहे. काही उमेदवार आपला अनुभव दाखवण्यासाठी आधी केलेल्या सर्वेक्षणाची फाइल जोडतात, आणि तिच्यात शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक, जमीन आणि कर्जाचे आकडे असतात. ज्यांनी एका कामासाठी विश्वासाने माहिती दिली त्यांची ती तिसऱ्याच्या हाती देणारा माणूस उद्या आपल्या प्रकल्पातील माहितीही अशीच देईल, असाच निष्कर्ष कोणताही जबाबदार प्राध्यापक काढील. नावे पुसली म्हणून काम भागत नाही. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एका छोट्या गावात द्राक्षबाग असलेली एकच महिला खातेदार असेल, तर गाव, पीक आणि लिंग या तीन रकान्यांतून ती ओळखू येते. तुमच्या लघुप्रबंधासाठी तुम्ही प्रश्नावल्या भरून घेतल्या असतील, तर त्या जोडू नका. अर्जात एवढेच लिहा की ती माहिती उत्तरदात्यांनी अभ्यासापुरती दिलेली असल्याने सोबत दिलेली नाही, आणि कामाची पद्धत दाखवण्यासाठी सार्वजनिक आकडेवारीवरील नमुना जोडला आहे. त्या एका वाक्यातून तुमची समज दिसते.

त्या प्रश्नावल्यांचा उपयोग मात्र दुसऱ्या मार्गाने करता येतो. त्यातील काही संगणकावर पुन्हा भरा आणि पहिल्या भरणीशी ताडून पाहा. समजा ४० प्रश्नावल्यांतील प्रत्येकी २५ रकाने, म्हणजे १००० जागा तुम्ही दुसऱ्यांदा भरल्या आणि सात जागी फरक निघाला, तर फरकाचे प्रमाण ०.७ टक्के आले. हे सातही फरक कागदाशी ताडून, कोणती भरणी चुकली होती ते नोंदवा आणि चुका कोणत्या प्रकारच्या होत्या तेही लिहा, जसे शेजारच्या रकान्यात आकडा जाणे, किंवा गुंठे आणि एकर यांची गल्लत. ही गल्लत आपल्याकडे विशेष होते, कारण शेतकरी ‘वीस गुंठे’ सांगतो आणि प्रश्नावलीत एकर विचारलेले असते. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, म्हणून तिथे ०.५ यायला हवे. या पद्धतीची मर्यादाही नमूद करा: दोन्ही वेळा भरणारे तुम्हीच असल्याने, हस्ताक्षर चुकीचे वाचले असेल तर तीच चूक दोनदा होईल आणि फरक दिसणार नाही. शक्य असेल तर दुसरी भरणी मित्राकडून करून घ्यावी असे वाटेल, पण उत्तरदात्यांची संमती तुमच्यापुरती असेल तर तसे करू नये. ‘माझ्या कामात चुका नसतात’ असे लिहिणाऱ्या उमेदवारापेक्षा, आपल्या चुकांचे प्रमाण मोजून सांगणाऱ्या उमेदवारावर मी कितीतरी अधिक भरवसा ठेवीन.

अर्जाच्या पत्रात हे सारे सांगत बसू नका. तिथे एक परिच्छेद पुरे, आणि तो साधारण असा असावा: “प्रकल्पाच्या विषयाशी संबंधित एक लहान नमुना सोबत जोडला आहे. त्यात लासलगाव, निफाड आणि विंचूर येथील सप्टेंबर ते डिसेंबर २०२३ या काळातील कांदा दरांची पणन मंडळाच्या संकेतस्थळावरील आकडेवारी वापरली आहे. मूळ फाइल, तयार केलेला तक्ता, रकान्यांची माहिती आणि प्रत्येक बदलाची कारणासह नोंद स्वतंत्रपणे दिली आहे. लिलाव बंद असलेल्या दिवसांचे दर भरलेले नाहीत, त्यामागील विचार नोंदीच्या दुसऱ्या पानावर आहे.” बायोडेटातही ‘एक्सेल: उत्तम’ असे न लिहिता, एक्सेलमध्ये नेमके काय केले ते लिहा: दोन तक्ते सामायिक रकान्यावरून जोडले, पिव्होट टेबलने महिनावार आवक काढली, असे. आर थोडे येते, तर थोडे येते असेच लिहा आणि वरच्या ओळींपैकी कोणतीही ओळ काय करते हे मुलाखतीत समजावून सांगता येईल इतकी तयारी ठेवा. जोडलेल्या कामातील एखादी ओळ उमेदवाराला उलगडून सांगता आली नाही, तर सगळा नमुनाच संशयास्पद ठरतो.

काही प्राध्यापक मुलाखतीआधी लहानसे काम देतात: एक अस्ताव्यस्त तक्ता आणि दोन दिवसांची मुदत. मुदत पाळणे तर आलेच, पण तक्त्यात एखादी गोष्ट दोन प्रकारे समजता येत असेल, तर पहिल्याच दिवशी एकच नेमका प्रश्न विचारा. उत्तर आले नाही तर एक अर्थ निवडून काम पूर्ण करा, आणि कोणता अर्थ धरला ते पहिल्या ओळीत लिहा. काम अपुरे राहिले तर जेवढे झाले तेवढे वेळेवर द्या आणि उरलेले कोणते ते सांगा. मुदत टळल्यावर पूर्ण करून दिलेल्या कामापेक्षा हे नेहमी बरे, कारण प्रकल्पात पुढच्या माणसाचे काम तुमच्या फाइलीवर अडून असते.

संदर्भासाठी नाव देताना विभागप्रमुखांसारखे मोठे पद शोधू नका. तुम्ही एखादे काम ठरलेल्या दिवशी दिल्याचे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे, अशा व्यक्तीचे नाव द्या. लघुप्रबंधाचे मार्गदर्शक, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंदी करून घेणारे ग्रंथपाल किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गाव सर्वेक्षण करून घेणारे कार्यक्रम अधिकारी, यांपैकी कोणीही चालेल. त्यांना आधी विचारा आणि ‘कोणते काम, केव्हा, किती’ एवढे आठवण म्हणून लिहून द्या, म्हणजे फोन आल्यावर ते ‘मुलगा चांगला आहे’ यापलीकडे काही सांगू शकतील.

उपलब्धतेबद्दलही असेच नेमके लिहा. शेवटच्या सत्राची परीक्षा कोणत्या महिन्यात आहे, त्या काळात आठवड्याला किती तास देता येतील, निफाड, येवला, चांदवड, कळवण या भागांत गावोगाव जायचे असेल तर स्वतःचे वाहन आहे की एसटीने जावे लागेल, आणि कांद्याच्या काढणीच्या दिवसांत घरच्या शेतीसाठी तुमची गरज लागणार असेल तर तेही, हे सारे अर्जातच सांगा. नाशिकच्या प्राध्यापकांना काढणीचे दिवस सांगावे लागत नाहीत. त्यांना सर्वेक्षणाचे वेळापत्रक त्याच महिन्यांभोवती आखायचे असते, आणि एप्रिलमध्ये तुम्ही पंधरा दिवस नसाल हे त्यांना फेब्रुवारीतच कळलेले असेल, तर त्या काळासाठी दुसऱ्या कोणाची व्यवस्था करता येते.